विक्रीतला फरक: एकच आकडा की फोड?

दादरच्या मसाला फर्मचं बजेट: गोडा मसाला 600 पाकिटं, नफा पाकिटामागे ₹50, मिरचीपूड 400, नफा ₹20. खपली 500 आणि 600.

नुसता प्रमाण-फरक, म्हणजे बजेटपेक्षा कमी-जास्त खपलेली पाकिटं गुणिले बजेटचा नफा, काढला तर गोड्यात ₹5,000 तोटा, मिरचीत ₹4,000 फायदा. निव्वळ ₹1,000 प्रतिकूल. किरकोळच वाटतं, आणि इथेच फसगत होते.

फोड करताना एकूण 1,100 पाकिटं बजेटच्या 60:40 प्रमाणात वाटा: 660 आणि 440. त्या तुलनेत गोडा 160 कमी, मिरची 160 जास्त खपली; हा मिश्रण-फरक ₹4,800 प्रतिकूल. जादा 100 पाकिटांचे सरासरी ₹38 प्रमाणे ₹3,800 अनुकूल. म्हणजे खप वाढला, पण कमी नफ्याच्या मालाचा.

गोडा ₹5 सवलतीत विकला असेल तर किंमत-फरक ₹2,500 वेगळाच धरा. वरच्या हिशोबात नफा बजेटचाच. पाकिटांची वजनं वेगळी असतील तर मात्र फोड किलोवर करा.