धूळ कोणाची, हे शोधायला कोणती पद्धत घ्यावी? इन्व्हेंटरी, सीएमबी आणि पीएमएफ

आयआयटी कानपूरने दिल्लीच्या हवेचा मोठा अभ्यास केला आणि त्याचा अहवाल जानेवारी २०१६ मध्ये आला. त्यात पीएम २.५ बद्दल, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांबद्दल, दोन हिशेब आहेत. पहिल्या हिशेबानुसार शहरात रोज बाहेर पडणाऱ्या या कणांत रस्त्यावरच्या धुळीचा वाटा ३८ टक्के आणि वाहनांचा २० टक्के. दुसरा हिशेब हिवाळ्यात फिल्टरवर जमा झालेल्या कणांचा. त्यात वायूंपासून हवेतच तयार होणारे दुय्यम कण ३० टक्के, लाकूड-काडीकचरा जाळल्याचा धूर २६, वाहने २५, शहरी कचरा जाळणे ८, आणि माती व रस्त्याची धूळ पार खाली. पहिल्यावर विसंबले तर पैसा रस्ते झाडणाऱ्या यंत्रांवर जाईल. दुसऱ्यावर विसंबले तर जळणावर आणि वाहनांवर.

दोन्ही हिशेब मन लावून केलेले आहेत. फरक प्रश्नात आहे: पहिला सांगतो काय बाहेर पडले, दुसरा सांगतो श्वासाच्या उंचीवर काय सापडले. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाल्यापासून अनेक महापालिकांना असा अभ्यास करून घ्यावा लागतो. काम देण्याआधी ज्याला पद्धत निवडायची आहे, त्याच्यासाठी ही तुलना.

इन्व्हेंटरी म्हणजे उत्सर्जनाची मोजदाद. शहराचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात किती गाड्या किती किलोमीटर धावतात, किती बेकऱ्या लाकडावर चालतात, किती जनरेटर आहेत हे मोजायचे आणि त्याला उत्सर्जन गुणकाने, म्हणजे दर किलोमीटरमागे किंवा दर किलो जळणामागे किती कण निघतात या आकड्याने, गुणायचे. हिचा मोठा गुण असा की ती पत्ता देते. अमुक प्रभागात तमुक भट्टी, एवढ्या नेमकेपणाने कारवाई करता येते. पण रस्त्याच्या धुळीचा आकडा इथेच फुगतो. तो काढण्यासाठी रस्त्याच्या मोजलेल्या तुकड्यावरची माती गोळा करतात, ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळतात, आणि तिचे वजन व गाड्यांचे सरासरी वजन अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या सूत्रात घालतात. सूत्र तिकडच्या रस्त्यांवर बेतलेले. शिवाय जमिनीलगत उडालेली बरीच धूळ झाडांवर, भिंतींवर, शेजारच्याच गल्लीत बसते. यादीत मात्र ती पूर्ण धरली जाते. आणि शहराच्या हद्दीबाहेरून येणारा धूर यादीत नसतोच.

दुसरी वाट उलट दिशेने जाते. हवा फिल्टरवर घ्यायची, कणांची रासायनिक तपासणी करायची आणि त्यावरून मूळ ओळखायचे. साधारण १६.७ लिटर प्रति मिनिट वेगाने २४ तास हवा ओढली की जेमतेम २४ घनमीटर हवा फिल्टरमधून जाते. हवेत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम कण असतील तर फिल्टरवर दीड मिलिग्रॅमही भरत नाही. एवढ्याशा ऐवजातून सगळा तपास. धातूंसाठी टेफ्लॉनचा फिल्टर, कार्बनसाठी क्वार्ट्झचा. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम दिसले की माती. एलिमेंटल कार्बन, म्हणजे काजळीतला कार्बन, जास्त असला तर डिझेलचा संशय. लेव्होग्लुकोसान ही जळलेल्या सेल्युलोजमधून निघणारी साखर दिसली की लाकूड किंवा काडीकचरा.

सीएमबी, म्हणजे केमिकल मास बॅलन्स, या पद्धतीत प्रत्येक स्रोताची ओळखपत्रे आधी हातात लागतात. त्यांना प्रोफाइल म्हणतात: अमुक धुरात कार्बन किती, पोटॅशियम किती, सिलिकॉन किती. मग कोणता स्रोत किती घेतला की फिल्टरवरची बेरीज जुळते, हे मॉडेल शोधते. नमुने थोडे असले तरी चालते. पण सगळा डोलारा प्रोफाइलवर उभा असतो. हिशेबापुरते धरा: ६० मायक्रोग्रॅममध्ये सिलिकॉन १.५ आहे. धुळीच्या प्रोफाइलमध्ये सिलिकॉन २० टक्के असेल तर धूळ ७.५, म्हणजे साडेबारा टक्के. आपल्या रस्त्याच्या मातीत ते १५ टक्केच असेल तर धूळ १०, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. फिल्टर तोच, आकडा बदलला. (खऱ्या मॉडेलमध्ये सगळी मूलद्रव्ये एकत्र जुळवतात, पण धोका हाच.) म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहा शहरांच्या अभ्यासासाठी, ज्यात मुंबई आणि पुणेही होते, भारतीय प्रोफाइल मुद्दाम तयार केले गेले: वाहनांचे पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने, बाकीचे आयआयटी मुंबईने. सल्लागाराने परदेशी प्रोफाइल वापरले का, हे पहिल्याच बैठकीत विचारा.

सीएमबीचा निकाल तपासायला सोपा असतो. स्रोतांची बेरीज मोजलेल्या वजनाच्या ८० ते १२० टक्क्यांत बसायला हवी, मॉडेल मोजमापांशी किती जुळते हे सांगणारा आर-स्क्वेअर ०.८ च्या वर आणि किती चुकते हे सांगणारा काय-स्क्वेअर ४ च्या खाली हवा. एखादा वाटा उणे आला, किंवा त्यातली संभाव्य चूक वाट्याएवढीच मोठी निघाली, तर दोन स्रोतांचे प्रोफाइल एकमेकांसारखे आहेत आणि मॉडेलला ते वेगळे करता आलेले नाहीत. रस्त्याची धूळ आणि बांधकामाची धूळ इथे हमखास गुंतते. ‘बांधकाम ४ टक्के, रस्ता ९ टक्के’ असा सुबक निकाल दिसला तर मी आधी त्यातली अनिश्चितता विचारेन.

पीएमएफ, म्हणजे पॉझिटिव्ह मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन, या तिसऱ्या पद्धतीला ओळखपत्रे लागत नाहीत. कोणती मूलद्रव्ये दिवसेंदिवस एकत्र वर-खाली होतात, हे पाहून ती स्वतःच गट पाडते. किंमत अशी की किमान शंभरेक नमुने लागतात आणि ते वेगवेगळ्या ऋतूंतले हवेत. आणि गटाला नाव माणूस देतो. मुंबईत क्लोराइडचा गट निघाला तर तो कचऱ्याचा धूर की समुद्राचे मीठ? सोबत सोडियम आणि मॅग्नेशियम असले, वारा पश्चिमेचा असला, तर मीठ. तसेच दिवाळीचे. फटाक्यांत पोटॅशियम भरपूर असते आणि पोटॅशियम ही लाकडाच्या धुराचीही खूण. ते दोनचार दिवस तसेच ठेवले तर जळणाचा गट बिघडतो. बेरियम आणि स्ट्रॉन्शियम उसळलेले दिवस वेगळे काढून मॉडेल पुन्हा चालवावे लागते. गट खरा आहे का, हे बूटस्ट्रॅपने कळते: नमुन्यांची पुन्हा पुन्हा वेगळी निवड करून मॉडेल चालवायचे. गट दरवेळी उमटत नसेल तर त्यावर धोरण ठरवू नये.

दुय्यम कणांपाशी मात्र सीएमबी आणि पीएमएफ दोन्ही अडतात. दिल्लीचे ते ३० टक्के कोणत्याही नळकांड्यातून थेट बाहेर पडत नाहीत. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि अमोनिया यांपासून ते हवेतच तयार होतात. त्यामागे वीजकेंद्र किती आणि ट्रक किती, हे फिल्टर सांगत नाही. त्यासाठी इन्व्हेंटरी आणि हवामानाचे मॉडेल जोडावे लागते.

तेव्हा निवड अशी. एका हंगामापुरताच पैसा असेल तर स्थानिक प्रोफाइल घेऊन सीएमबी. वर्षभर नमुने घेता येणार असतील तर पीएमएफ, आणि त्याच नमुन्यांवर पडताळणीला सीएमबीही. इन्व्हेंटरी दोन्ही वेळी हवीच, कारण कारवाईला पत्ता लागतो. फक्त तिचे टक्के हवेतले टक्के म्हणून छापू नयेत. निविदेत तीन गोष्टी लिहून घ्या: प्रत्येक वाट्यासोबत अनिश्चितता, ऋतूनुसार वेगळे आकडे, आणि फिल्टरच्या तपासणीचे मूळ तक्ते महापालिकेकडे. तक्ते हाती असले तर पाच वर्षांनी दुसरे कोणीही तोच हिशेब नव्याने मांडू शकते.