ब्लॉकर: आठ महिने टेबलवर वापरल्यानंतरचा अनुभव

इंदूरच्या रामबागेत दर शनिवारी रात्री सहा जणांचं होल्डम असतं, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि टेबलवर पाच सामाईक पानं असलेलं पोकर. पैसे नसतात. प्रत्येकाला मोजक्या चिप्स मिळतात, संपल्या की त्या रात्रीपुरता खेळ संपला, आणि उरलेल्या चिप्सची नोंद महिनाभर वहीत होते. या टेबलवर आठ महिने ब्लॉकर धरून ब्लफ लावले गेले. त्यावरचं हे मत. एका ओळीत सांगायचं तर कल्पना शंभर टक्के खरी आहे, पण लोक समजतात तितकी मोठी नाही, आणि ती कुठे मोठी होते हे ओळखणं हाच सगळा खेळ आहे.

ब्लॉकर म्हणजे तुमच्या हातातलं असं पान, जे समोरच्याकडे असूच शकत नाही, म्हणून त्याचे काही ठरावीक हात बाद होतात. सगळ्यात ओळखीचा म्हणजे बोर्डवर, म्हणजे सामाईक पानांत, तीन इस्पिक असताना हातात एकटा इस्पिकचा एक्का. हे नुसतं वाचून डोक्यात बसत नाही. गड्डी घेऊन बसा. तेरा इस्पिक वेगळी काढा. त्यातून राजा, नव्वी आणि दुर्री बोर्डवर ठेवा. उरली दहा. त्या दहांतून दोन-दोनच्या 45 जोडगोळ्या होतात. आता एक्का स्वतःकडे घ्या. नऊ उरतात, जोडगोळ्या 36. म्हणजे फ्लश, एकाच रंगाच्या पाच पानांचे हात, वीस टक्क्यांनी कमी झाले.

पण हा हिशेब अर्धवट आहे, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. समोरचा माणूस कुठलीही दोन इस्पिक घेऊन आत येत नाही. दश्शी-तिर्री तो टाकून देतो. एक्क्यासोबत मात्र एकाच रंगाचं कुठलंही पान असलं की हात सोडत नाही. या बोर्डवर एक्क्याचे असे नऊ फ्लश होतात. बिनएक्क्याचे, म्हणजे राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-सत्ती, अठ्ठी-छक्की, सत्ती-छक्की, छक्की-पंजी, पंजी-चव्वी असे तेही साधारण नऊच. तेव्हा एक्का तुमच्याकडे आला की त्याचे खरे फ्लश अठराचे नऊ होतात. वीस टक्के नव्हे, निम्मे.

आता पूर्ण डाव. तुम्ही उशिराच्या जागेवरून रेझ केली, बिग ब्लाइंडने, म्हणजे पानं बघण्याआधीच सक्तीची बेट लावलेल्याने, तेवढ्याच चिप्स टाकून कॉल केला. फ्लॉप, म्हणजे बोर्डची पहिली तीन पानं: इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी, चौकटची चव्वी. टर्नला, म्हणजे चौथं पान, इस्पिकची दुर्री; रिव्हरला, म्हणजे शेवटचं पान, बदामची सत्ती. फ्लॉप आणि टर्नला तुम्ही बेट लावली, त्याने दोन्ही वेळा कॉल केला. पॉटमध्ये 100 चिप्स. तुमच्याकडे एक्का-राणी, राणी चौकटची. एक्का इस्पिकचा आहे की चौकटचा, एवढाच फरक घेऊन दोन्हीकडे मोजू.

त्याच्याकडचे हात असे. फ्लश 18. नव्व्यांचे किंवा चव्व्यांचे सेट, म्हणजे तीन सारखी पानं, आणि राजा-नव्वी एकाच रंगात, म्हणजे दोन जोड्या, मिळून 9. राजा-राणी 9, राजा-गुलाम 12, राजा-दश्शी 12. एक्का-नव्वी 9, नव्वीचे इतर हात 9, दश्शांची जोडी 6. शिवाय इस्पिकचा एक्का आणि दुसऱ्या रंगाचा गुलाम किंवा दश्शी, म्हणजे चौथं इस्पिक न आल्याने फसलेले 6. बेरीज 90. इस्पिकचा एक्का तुमच्याकडे असेल तर फ्लश 9 होतात आणि ते फसलेले 6 हातही जातात. बेरीज 75.

ते फसलेले सहा हात विसरू नका. ते टाकून दिले जाणार, म्हणजे फोल्डच होणार होते. म्हणजे एक्का त्याचे कॉल करणारे हात कमी करतो तसे फोल्ड करणारेही थोडे कमी करतो. ब्लॉकरवर बोलणारे ही दुसरी बाजू सहसा सोडून देतात.

पॉटएवढी, 100 ची बेट लावू. ती चालायला त्याने निम्म्याहून जास्त वेळा फोल्ड करायला हवं. फ्लश, सेट, दोन जोड्या आणि राजा-राणी कॉल करतात असं धरू. चौकटच्या एक्क्यावर 90 पैकी 54 फोल्ड, 60 टक्के. इस्पिकच्या एक्क्यावर 75 पैकी 48 फोल्ड, 64 टक्के. फरक चारच टक्क्यांचा, आणि ब्लफ दोन्हीकडे फायद्याचा. आता त्याला राजा-गुलामही सोडवत नसेल तर? चौकटवर साधारण 47 टक्के, इस्पिकवर 48. दोन्हीकडे तोटा. इथे एक्क्याने काही केलं नाही, समोरच्याच्या सवयीने सगळं ठरवलं.

आता बेट 250 ची करा, पॉटच्या अडीचपट. एवढ्या बेटला राजा-राणीही पडते, कॉल करतात फक्त फ्लश, सेट आणि दोन जोड्या. ब्लफ चालायला 350 पैकी 250, म्हणजे 71.4 टक्के फोल्ड हवेत. चौकटच्या एक्क्यावर 90 पैकी 63, बरोबर 70 टक्के. दर ब्लफमागे सरासरी 5 चिप्स जातात. इस्पिकच्या एक्क्यावर 75 पैकी 57, म्हणजे 76 टक्के, आणि सरासरी 16 चिप्स येतात. हात तोच, बेट तीच, फक्त एक्क्याचा रंग वेगळा. कॉल करणारे हात जितके थोडे, तितका त्यातला प्रत्येक बाद हात मोलाचा. म्हणून ब्लॉकरची किंमत मोठ्या बेटला आणि रिव्हरला दिसते. फ्लॉपवरच्या छोट्या बेटला एक्का बघून ब्लफ ठरवणं म्हणजे नुसता डोक्याला ताप.

चुका कुठे होतात? पहिली, इस्पिकचा एक्का दिसला की प्रत्येक वेळी ब्लफ. दोन महिन्यांत टेबलला हे कळतं आणि राजा-गुलामवाले कॉल करू लागतात. आमच्याकडे तर तीन पत्तीची सवय घट्ट आहे, शेवटी शो बघितल्याशिवाय जीव राहत नाही. त्यावर उपाय वहीतला. रिव्हरच्या मोठ्या बेटला कुणी काय दाखवून कॉल केला, एवढंच लिहून ठेवायचं. एखाद्याच्या नावापुढे एकाच जोडीचे कॉल दोनदा-तीनदा दिसले की त्याच्याविरुद्ध एक्का खिशात ठेवावा.

दुसरी चूक याहून चोरटी आहे आणि नीट खेळणारेही करतात. रिव्हरवर फ्लश लागलाच नाही, बोर्डवर इस्पिक दोनच राहिली, आणि तुमच्याकडे फसलेली इस्पिकची राणी-गुलाम. हात काहीच नाही, म्हणून ब्लफ लावावासा वाटतो. पण तुमच्याकडे दोन इस्पिक आहेत म्हणजे समोरच्याकडे फसलेले इस्पिकचे हात कमी. तेच तर फोल्ड होणार होते. उरतात राजावाले, जे कॉल करतात. अशा वेळी बिनइस्पिकचा फसलेला हात, समजा चौकटची दश्शी-अठ्ठी, ब्लफला जास्त चांगला. म्हणजे तीन इस्पिक बोर्डवर असतील तर इस्पिक हवं, दोनच राहिली तर नको. हे उलटं गणित अंगवळणी पडायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि वहीत सर्वात जास्त चिप्स याच जागी गेलेल्या दिसतात.