सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन: बेळगावात 22 महिने वापरून

गाडी घेतली तेव्हा पहिला आठवडा घरच्यांना समजावण्यातच गेला. गोवावेसला थांबलो, न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन गप्प. मागून आई लगेच, "अरे, बंद पडली की!" क्लच दाबला की पुन्हा सुरू. आता तिला सवय झाली आहे. उलट बंद नाही झाली तर विचारते.

गाडी 1.2 लिटर पेट्रोल, मॅन्युअल गिअरची. घर शहापूरला, काम कॅम्पात. जेमतेम चार किलोमीटर, पण वाटेत टिळकवाडीचं रेल्वे गेट आणि दोन-तीन चौक. खरी बचत गेटवर होते. रेल्वे जायला पाच मिनिटं लागली तर पाचही मिनिटं इंजिन बंद. असं इंजिन उभ्या उभ्या तासाला साधारण 600 ते 700 मिली पेट्रोल पितं. माझा दिवसाचा बंद वेळ स्क्रीनवर सरासरी आठ मिनिटं दिसतो, म्हणजे 80-90 मिली. वर्षाला 300 दिवस धरले तर 25 लिटर. पण एप्रिल-मेमध्ये एसी लावला की आतली हवा गार राहावी म्हणून इंजिन मिनिटभरात परत सुरू होतं, कधी बंदच होत नाही. ते वजा करून मी 20 लिटर धरतो. लिटरला शंभर म्हटलं तरी वर्षाला दोन हजार रुपये. लाखभराची बचत सांगणाऱ्या शोरूमवाल्याला मी चहा पाजला होता, तो परत मागावासा वाटतो.

दोन-चार सेकंदांच्या थांब्याला मात्र काही वाचत नाही, कारण पुन्हा सुरू करायलाही थोडं पेट्रोल लागतं. म्हणून वाहतूक इंचाइंचाने सरकत असेल तर मी क्लच दाबूनच ठेवतो. क्लच दाबलेला असला की सिस्टीम इंजिन बंद करत नाही, बटण शोधायलाही नको.

आता झीज. सगळे विचारतात ते स्टार्टरबद्दल. या गाड्यांचा स्टार्टर मुळातच जास्त वेळा फिरण्यासाठी केलेला असतो, आणि गरम इंजिन सुरू होताना बेअरिंगवर तेलाचा थर शिल्लक असतो. पहाटेच्या थंड स्टार्टइतकी झीज तिथे होत नाही. खरा खर्च आहे बॅटरीचा. इंजिन बंद असताना पंखा, दिवे, म्युझिक सगळं तिच्यावर, आणि लगेच तिनेच स्टार्टर फिरवायचा. वर माझ्यासारखा चार किलोमीटरचा प्रवास, त्यात ती भरून निघत नाही. सतत अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता घटते. त्यासाठीच या गाड्यांना साध्या बॅटरीऐवजी ईएफबी किंवा त्याहून दणकट एजीएम बॅटरी देतात. ईएफबीत प्लेटवरचा मसाला निसटू नये म्हणून जाळीचा आधार असतो.

माझं 16व्या महिन्यात, ऐन पावसाळ्यात झालं. सिस्टीम हळूहळू इंजिन बंद करायची थांबली. गाडी मात्र सकाळी झटक्यात सुरू होत होती, म्हणून मी तीन आठवडे दुर्लक्ष केलं. चूक तिथेच. चार्ज कमी झाला की सिस्टीम आधी स्वतः गप्प बसते. गाडी रुसायची वेळ बरीच नंतर येते. शेवटी रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मीटरने मोजली: 12.3 व्होल्ट. पूर्ण भरलेली असती तर 12.6 च्या वर दिसायला हवी होती. बाहेरून चार्जर लावून रात्रभर भरली. चार्जरची निगेटिव्ह चिमटी बॅटरीच्या टर्मिनलला न लावता बॉडीच्या अर्थिंगला लावली, कारण टर्मिनलवर चार्ज मोजणारा सेन्सर असतो. चिमटी थेट तिथे लावली तर आत गेलेला चार्ज त्याला कळत नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर इंजिन पुन्हा गप्प झालं, तेव्हा बरं वाटलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा हायवेने निपाणीपर्यंत जाऊन येतो. बायकोच्या माहेरची वारी होते, बॅटरीही भरते.

शेजारच्या काकांनी वेगळा मार्ग धरला. त्यांची बॅटरी गेली तेव्हा दुकानदाराने "तीच साइज आहे, बसते की," म्हणून साधी बॅटरी बसवली, अडीच हजारांनी स्वस्त. सात महिन्यांत ती मेली. परत गेले तर म्हणाला, "काका, स्टॉप-स्टार्टच्या गाडीला ही चालत नाही." मग विकली कशाला, हे त्यांनी विचारलंच. उत्तर काय मिळालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अडीच हजार म्हणजे माझ्या सव्वा वर्षाच्या बचतीएवढा फरक. म्हणून बॅटरी घेताना साइजबरोबर वरचं ईएफबी किंवा एजीएम वाचून घ्या. मूळ एजीएम असेल तर ईएफबी लावून खाली उतरू नका. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद स्कॅनरने करावी लागते, तेही बिल देण्याआधी विचारा.

काकांनी आता ईएफबी बसवली आहे, पण विश्वास उडालाय. रोज सकाळी गाडी सुरू केली की आधी सिस्टीम बंद करायचं बटण दाबतात. ईएफबीचे जादा पैसे मोजून.