एकेवेरियासाठी पावसाळ्यात शेडनेट की पारदर्शक पत्रा?

साताऱ्यात गच्चीवर एकेवेरियासारखे सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी झाडं, ठेवायची तर मे संपायच्या आत डोक्यावर काय घालायचं ते ठरवावं लागतं. माझ्याकडे दोन्ही आहे. अर्ध्या गच्चीवर हिरवी शेडनेट, अर्ध्यावर पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा.

शेडनेट स्वस्त पडते आणि उन्हाळ्यात तिला तोड नाही. पण ती ऊन अडवते, पाऊस नाही. उलट रिपरिप पाऊस जाळीच्या दोऱ्यांवर साठतो आणि मोठे थेंब होऊन टपटपत राहतो, पाऊस थांबल्यावरसुद्धा. एखादी कुंडी अशा थेंबाखाली सापडली की संपलंच. एकेवेरियाचं फूल म्हणजे पानांची वाटीच, आणि नवी पानं जिथून फुटतात तो कोंब वाटीच्या तळाशी असतो. तिथलं पाणी ढगाळ, दमट हवेत सुकत नाही आणि कोंब सडतो. शिवाय आधीच ऊन नाही, त्यात जाळीची सावली. झाड उंच, सैल होतं.

मागच्या जुलैत आठवडाभर झड लागली होती. जाळीखालच्या एका एकेवेरियाची मधली चार पानं शिजलेल्या कांद्याच्या पाकळीसारखी काचट दिसली. चिमट्याने धरली तर अलगद हातात आली, खाली तपकिरी लगदा. खालची पानं मात्र टणक होती. मुळं सडली असती तर बहुधा खालची पानं आधी पिवळी, मऊ पडली असती. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने वरून देठाच्या चकत्या काढत गेलो. पहिल्या दोन चकत्यांत तपकिरी ठिपके होते, तिसरी स्वच्छ फिकट हिरवी निघाली, तिथे थांबलो. कुंडी आडोशाला नेली, काप कोरडा होईपर्यंत पाणी बंद. कोंब गेल्यामुळे ते फूल पुन्हा भरलं नाही, पण दीड महिन्यात देठाच्या बाजूने दोन पिल्लं फुटली. डाग देठभर खाली गेला असता तर फक्त निरोगी पानं काढून लावायची, एवढंच हातात उरलं असतं.

पत्र्याखाली पाऊस येत नाही आणि उजेड मिळतो. मात्र चारही बाजू बंद केल्या तर आत वाफ कोंडते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात पानं भाजतात. म्हणून पत्रा उतरता लावा, बाजू मोकळ्या ठेवा, आणि कुंड्या कडेपासून हातभर आत घ्या, नाहीतर वाऱ्याबरोबर आडवा पाऊस येतोच. उन्हाळ्यात त्याच पत्र्यावर जाळी टाकता येते. पाणी घालताना चोच असलेली बाटली पानांखाली घालून मातीतच सोडा. झारी नकोच.

साताऱ्यात माझं मत पत्र्याला. सांगलीत पाऊस बराच कमी, तिथे जाळीवर भागेल. पण सर येऊन गेली की कॅमेऱ्याची लेन्स साफ करायच्या रबरी फुग्याने प्रत्येक फुलातलं पाणी फुंकून काढायची तयारी हवी. पाच-सहा कुंड्या असतील तर जमतं. पन्नास असतील तर पत्राच घ्या.