दोन यंत्रांची भाषा एकच आहे का: रिकामेपणातून की थेट स्वीकृतीतून?

दोन ट्युरिंग यंत्रांची भाषा, म्हणजे ती स्वीकारतात त्या इनपुटांचा संच, एकच आहे का हा प्रश्न अनिर्णेय आहे, म्हणजे तो ठरवणारा अल्गोरिदमच नाही. हे सिद्ध करायच्या दोन वाटा: यंत्राची भाषा रिकामी आहे का या प्रश्नातून, किंवा यंत्र दिलेले इनपुट स्वीकारते का या प्रश्नातून. रिकामेपणाची वाट मला जास्त आवडते, कारण तिथे रचना जवळजवळ काहीच नाही. दिलेले ट्युरिंग यंत्र M घ्या आणि शेजारी प्रत्येक इनपुट नाकारणारे N ठेवा. समानता ठरवणारा अल्गोरिदम असता, तर (M, N) वर त्याचे ‘हो’ म्हणजेच M ची भाषा रिकामी. पण रिकामेपणा अनिर्णेय आहे, म्हणून तसा अल्गोरिदम नाही. मात्र रिकामेपणाची अनिर्णेयता आधी सिद्ध असायला हवी.

स्वीकृतीच्या वाटेत नवे यंत्र बांधावे लागते: स्वतःचे इनपुट सोडून M ला w या इनपुटवर चालवणारे, आणि M ने w स्वीकारले तरच स्वीकारणारे. त्याची तुलना सर्वस्वीकारी यंत्राशी करा: M ने w स्वीकारले तरच दोन्हींची भाषा एकच, आणि M हे w स्वीकारते का हे अनिर्णेय आहे. या कष्टातून जास्तीचे मिळते: असमानताही ओळखता येत नाही, म्हणजे भाषा वेगळ्या असतील तेव्हाच, आणि तेव्हा नक्की, ‘हो’ म्हणणारा अल्गोरिदमही नाही. पहिली वाट हे देत नाही, कारण भाषा रिकामी नसल्याचे शोधून ओळखता येते.