सहा की दहा? शेजारच्या दोन कॉटवरचा संवाद

मेडिकल वॉर्डात शेजारशेजारच्या कॉटवरचे दोन रुग्ण उद्या घरी जाणार आहेत, असं समजू. दोघांनाही मधुमेह. दोघांनाही 30/70 चं मिश्र इन्सुलिन, सकाळी दहा युनिट आणि संध्याकाळी सहा. सात नंबरवरच्या आजोबांना वयामुळे कमी ऐकू येतं. आठ नंबरवरच्या काकूंची नजर मधुमेहानेच जवळजवळ गेली आहे. नर्सिंगच्या विद्यार्थिनीने दोघांनाही एकच गोष्ट शिकवायची आहे, घरी इन्सुलिन कसं घ्यायचं, आणि हातात अर्धा तास आहे. आजोबांकडे जी सवय उपयोगी पडते, तीच काकूंकडे बहुतेक वेळा आडवी येते.

आधी आजोबा. तुम्ही "संध्याकाळी सहा" म्हणता आणि त्यांना "दहा" ऐकू येतं. त्यांचं लक्ष नव्हतं म्हणून असं झालेलं नसतं. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात आणि 'स', 'श', 'फ', 'थ' यांसारखी हवेशीर व्यंजनं नेमकी त्याच पट्टीत असतात. स्वर खालच्या पट्टीतले आणि दणदणीत, म्हणून ते पोचतात. 'सहा' आणि 'दहा' यांच्यातला फरक पहिल्या व्यंजनाचा आणि नेमका तोच गळतो. 'सात' आणि 'साठ'चंही तसंच होतं. अशी माणसं म्हणतात, "ऐकू येतं गं, पण कळत नाही." हे अगदी शब्दशः खरं असतं.

अशा वेळी विद्यार्थिनी सर्वांत आधी आवाज चढवते. ओरडल्याने स्वरच मोठे होतात, व्यंजनं होती तिथेच राहतात. शिवाय ओठांचा आकार बिघडतो, आणि आजोबांचं इन्सुलिन सगळ्या वॉर्डाला कळतं ते वेगळंच. त्याऐवजी तीन-चार फुटांवर समोर बसा. खिडकी तुमच्या पाठीशी नको, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या. टीव्ही बंद करा. कोणत्या कानाने बरं ऐकू येतं ते विचारून त्या बाजूला सरका. श्रवणयंत्र असेल तर ते कानात आहे का आणि चालू आहे का ते पाहा. उशीखाली कागदात गुंडाळलेलं यंत्र मी कितीदा तरी पाहिलं आहे. मास्क दुहेरी नुकसान करतो: ओठ झाकतो आणि उंच पट्टीचे आवाज आणखी दाबतो. संसर्गाच्या नियमाने तो काढता येत नसेल, तर वादात न पडता वही-पेन काढा.

ओठ वाचण्यावरही फार विसंबू नका. 'प', 'ब' आणि 'म' ओठांवर सारखेच दिसतात. म्हणून माझा नियम साधा आहे: आकडा तोंडी सांगून सोडायचा नाही, ठसठशीत लिहून द्यायचा. "सकाळी 10, संध्याकाळी 6." वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा म्हणण्यापेक्षा शब्द बदला.

आजोबांच्या बाबतीत सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे त्यांची मान. "समजलं ना?" विचारलं की मान हलते, "हो हो" येतं, कारण चारदा "काय?" विचारायची लाज वाटते. म्हणून सिरिंज हातात द्या आणि म्हणा, "संध्याकाळचं भरून दाखवा." दट्ट्या दहावर थांबला तर चूक वॉर्डातच पकडली गेली. घरी तीच चूक रोज रात्री साखर खाली नेणार होती.

आता काकू. इथे चूक रुग्णाकडून नाही, आपल्याकडून होते, आणि ती गप्प राहण्याची असते. विद्यार्थिनी येते, चादर बाजूला करते, दंड धरते. आजोबांना हे सगळं समोर दिसलं असतं. काकूंना मात्र अंधारातून एक हात येऊन लागतो. म्हणून बोटही लावण्याआधी बोला: "काकू, मी विद्यार्थी सिस्टर, तुमच्या उजव्या हाताला उभी आहे. आता साखर तपासायला बोट टोचणार आहे." जातानाही सांगा, नाहीतर त्या रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतात. आणि "हे इथे ठेवलंय" या वाक्यात काकूंसाठी माहिती शून्य. "तांब्या तुमच्या डाव्या हाताशी, लॉकरच्या कडेला" हे वाक्य उपयोगाचं. मावशींनी झाडू मारताना तो तांब्या हलवला, तर तेही कोणीतरी सांगायला हवं. आवाज मात्र नेहमीचाच ठेवा. दिसत नाही म्हटल्यावर लोक का ओरडतात, मला अजून कळलेलं नाही.

त्यांना काय दिसतं हेही विचारा. मधल्या भागाची नजर गेलेला माणूस तुमच्याकडे तिरका बघतो, कारण कडेने त्याला दिसत असतं. त्याला "इकडे बघा" म्हणू नका. काचबिंदूत कडेची नजर जाते, तेव्हा बरोबर समोर उभं राहा.

इन्सुलिनचा प्रश्न काकूंकडे जास्त अवघड आहे. एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते, 100 च्या बाटलीला नारिंगी. लाल टोपणाच्या सिरिंजने 100 ची बाटली दहाच्या खुणेपर्यंत भरली, तर पोटात 25 युनिट जातात. हा फरक फक्त रंगाने आणि बारीक अक्षरांनी कळतो. इन्सुलिनचं पेन फिरवताना टक-टक आवाज येतो म्हणून ते सोपं वाटतं, पण पेनच्या पत्रकातच टक मोजून मात्रा ठरवू नका असं बजावलेलं असतं. म्हणून मी इथे स्पष्ट बाजू घेते: काकूंना भरायला शिकवण्यात अर्धा तास घालवू नका. मात्रा लावायला सुनेला शिकवा. काकूंना पेन हातात घेऊन त्याचे भाग चाचपू द्या. पोटावरची जागा कशी बदलायची, टोचल्यावर अर्ध्या तासात जेवायचं आणि साखर उतरली की अंग कसं कापतं, घाम कसा फुटतो, हे त्यांना स्वतः सांगता आलं पाहिजे.

दोघांच्या बाबतीत एक गैरसमज सारखाच आहे. ऐकू येत नाही म्हटलं की खाणाखुणांची भाषा आणि दिसत नाही म्हटलं की ब्रेल, असं विद्यार्थी उत्तरपत्रिकेत हटकून लिहितात. म्हातारपणी बहिरे झालेले आजोबा खुणांची भाषा कुठून शिकणार? साठीत नजर गेलेल्या काकूंची बोटं, तीही मधुमेहाने बधिर झालेली, ब्रेलचे ठिपके कसे वाचणार? जन्मापासून बहिऱ्या रुग्णाचं मात्र उलट. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीपेक्षा वेगळं आहे, त्यामुळे लिहिलेली चिठ्ठी त्याला नीट कळेलच असं नाही. तिथे दुभाषा बोलवा, आणि सलाईन शक्यतो डाव्या हाताला लावा, म्हणजे खुणा करायला उजवा मोकळा राहील. तो डावखुरा असेल तर उलट.

बेलचंही बघा. काकूंना बेल हातात धरून, बटण दाबून दाखवली की काम झालं. नर्सिंग स्टेशनवरून "आले हं" म्हटलेलं त्यांना पुरतं. आजोबांना ते उत्तर ऐकूच जात नाही, त्यांच्यासाठी कोणीतरी उठून जायलाच हवं. रात्रीच्या ड्युटीवरच्या सिस्टरला हे ठाऊक नसतं, म्हणून मी केस पेपरवर अशा दोन ओळी लिहून घेते:

"कॉट 7: डावा कान बरा. समोर बसून बोला, आकडे लिहून द्या. बेल वाजली की जाऊन पाहा. रात्री हाक न मारता आधी दिवा लावा."

"कॉट 8: आल्यावर नाव सांगा, हात लावण्याआधी बोला. तांब्या डावीकडे, हलवू नका. मात्रा सून लावणार. सुनेने भरून दाखवलं."