नववीच्या निकालपत्रकात नापासांच्या जोड्या: COUNTIFS सात महिने वापरल्यावर

आमची शाळा कोल्हापूर शहराच्या कडेला आहे. निम्मी मुलं आसपासच्या गावांतून येतात. नववीच्या तीन तुकड्या, प्रत्येकी चाळीस, म्हणजे एकूण 120 मुलं. निकाल लागला की आम्ही विषयवार नापासांची संख्या काढतो आणि गणित, इंग्रजी, विज्ञान या तिघांवर बोलून बैठक संपवतो. मला मात्र वेगळं बघायचं होतं: एकच मूल कोणत्या दोन विषयांत एकदम अडकतं? जादा तासांचं वेळापत्रक मी करते, आणि मूल दोन विषयांत अडकत असेल तर त्याला दोन्हीकडे पळवण्याआधी मुळात अडचण एकच आहे का, हे कळायला हवं.

सहा विषयांच्या जोड्या होतात पंधरा. पंधरा वेळा फिल्टर लावून हाताने मोजण्यापेक्षा, दोन्ही अटींत एकदम बसणाऱ्या ओळी मोजणारं COUNTIFS चं एकच सूत्र ओढून तक्ता भरता येतो. माझ्या शीटमध्ये C ते H या रकान्यांत सहा विषयांचे गुण आहेत. बाजूला J2 पासून खाली 1 ते 6 आणि K1 पासून आडवे 1 ते 6 हे विषयांचे क्रमांक. मग K2 मध्ये हे लिहून P7 पर्यंत ओढायचं:

```
=COUNTIFS(INDEX($C$2:$H$121,0,$J2),"<35",INDEX($C$2:$H$121,0,K$1),"<35")
```

INDEX मधला 0 म्हणजे त्या विषयाचा अख्खा रकाना घे. तिरप्या रेषेवरच्या सहा चौकटींत त्या त्या विषयाचे एकूण नापास येतात आणि बाकीच्या चौकटींत जोड्या. तक्ता आरशासारखा असतो, त्यामुळे रेषेच्या एकाच बाजूचं वाचलं तरी पुरतं.

सुरुवात मात्र मी COUNTIFS ने केली नव्हती. ऑगस्टच्या पहिल्या घटक चाचणीला SUMPRODUCT वापरलं होतं. चाचणी 20 गुणांची, म्हणून अट `<7`. तक्त्यात हिंदी आणि सामाजिक शास्त्र ही जोडी 17 मुलांसह सगळ्यांत वर आली. मी दोन्ही शिक्षकांना एकत्र बसवून शनिवारचा तास ठरवायला निघाले होते. समाजशास्त्राच्या सरांनी नावांची यादी बघितली आणि म्हणाले, "अहो बाई, ही पोरं आंबेवाडी-चिखलीची. त्या दिवशी पंचगंगेचं पाणी रस्त्यावर होतं, पोरं आलीच नव्हती." त्या दिवशी मधल्या सुट्टीआधी हिंदीचा आणि नंतर समाजशास्त्राचा पेपर होता. 11 मुलं गैरहजर, त्यांच्या चौकटी रिकाम्या. आणि SUMPRODUCT मधली तुलना रिकाम्या चौकटीला शून्य समजते. शून्य सातापेक्षा कमी, म्हणून मूल नापास. खरे नापास सहाच होते. पुरात घरचं सामान माळ्यावर चढवणाऱ्या मुलांना मी जादा तासाला बसवणार होते, हे मला आजही बोचतं.

COUNTIFS रिकामी चौकट आणि "गै" असं लिहिलेली चौकट, दोन्ही सोडून देतं. पण एक उलटी चूक त्यातही होते. व्हॉट्सॲपवरून आलेले गुण चिकटवले की काही आकडे मजकूर म्हणून बसतात आणि चौकटीत डावीकडे सरकलेले दिसतात. असा 28 त्याला दिसतच नाही, म्हणजे नापास मूल गुपचूप निसटतं. म्हणून आता प्रत्येक विषयाखाली `=COUNT(C2:C121)` लिहिते. तो आकडा अधिक गैरहजर बरोबर 120 आले तरच पुढे जाते.

आता प्रथम सत्राचा निकाल. गणितात 42 नापास, इंग्रजीत 36, विज्ञानात 30, सामाजिक शास्त्रात 14, हिंदीत 12, मराठीत 10. सगळ्यांत मोठी जोडी अपेक्षेप्रमाणे गणित-इंग्रजी, 21 मुलं. हिंदी-मराठीची जोडी अवघी 7 मुलांची, ती तळाच्या ओळींत पडली होती.

इथे नुसता आकडा फसवतो. ज्या विषयात मुळातच खूप मुलं नापास होतात, तो प्रत्येक जोडीत मोठा दिसणारच. म्हणून मी असं विचारते: दोन विषयांचा एकमेकांशी काहीच संबंध नसता तर किती मुलं दोन्हीकडे सापडली असती? मराठीत 120 पैकी 10 नापास, म्हणजे बारात एक. मग हिंदीत नापास झालेल्या 12 जणांतही बारात एक या हिशेबाने एकच मूल मराठीत अडकायला हवं. सापडली सात. गणित-इंग्रजीत याच हिशेबाने 42 गुणिले 36 भागिले 120, म्हणजे साधारण 12 ते 13 मुलं आपोआपच आली असती. सापडली 21. म्हणजे तिथे दीडपटीहून थोडं जास्त आणि इथे सातपट.

पण सात मुलांवर एवढा भरवसा ठेवायचा का? मी यादी उघडली. सातांपैकी तिघं सहाही विषयांत नापास होती. असं मूल पंधराही जोड्यांत एकेक भर घालतं आणि कुठल्याच जोडीबद्दल काही सांगत नाही. त्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या घरी जावं लागलं. त्यांना वगळून 117 मुलांवर पुन्हा मोजलं: हिंदीत 9, मराठीत 7, दोन्हीत 4, आणि अपेक्षा अर्ध्या मुलाची. पट तेवढीच राहिली. गणित-इंग्रजीही जवळपास तिथेच राहिली.

त्या चौघांना मी एकेक करून जवळ बसवलं आणि समाजशास्त्राच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला दिला. एक मुलगा "प्रजासत्ताक" या शब्दावर थांबला. "प्रजा" म्हणाला, मग बोट ठेवून "स", मग "त्ता"पाशी बराच वेळ गप्प, आणि शेवटी अंदाजाने "प्रजासत्य". जोडाक्षर आलं की चौघांपैकी तिघांचं असंच. चौथी मुलगी निपाणीकडून आलेली, सातवीपर्यंत कन्नड माध्यमात शिकलेली. तिचं डोकं तल्लख आहे, देवनागरी मात्र अजून सावकाश चालते. म्हणजे हिंदी आणि मराठीचे वेगवेगळे जादा तास घेऊन काही साधणार नव्हतं. रोज परिपाठाआधी पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन सुरू केलं. दुसऱ्या घटक चाचणीत चौघांपैकी दोघं दोन्ही विषयांत पास झाली.

सात महिन्यांत दोन मर्यादा पक्क्या कळल्या. एका तुकडीपुरता तक्ता करू नका, दोन-तीन मुलांवर पट दहावर जाते आणि पुढच्या परीक्षेत गायब होते. आणि सवलतीचे गुण देण्याआधीचेच आकडे घ्या. आमच्याकडे आधी अंतिम पत्रक घेतलं होतं, त्यात विज्ञानात बरोबर 35 गुणांची 9 मुलं होती आणि 33 किंवा 34 चं एकही नाही. तिथे विज्ञानाच्या जोड्या खोट्याच पातळ दिसत होत्या.

गणित-इंग्रजीचं कोडं अजून सुटलेलं नाही. गणिताच्या सरांना वाटतं, मुलं शाब्दिक उदाहरणांत अडकतात. म्हणून वार्षिक परीक्षेला शाब्दिक उदाहरणांचे गुण शंभरापैकी करून वेगळ्या, म्हणजे I या रकान्यात भरायचे ठरवलं आहे. त्याला सातवा विषय धरून, सूत्रात दोन्हीकडे $H$121 च्या जागी $I$121 करून तक्ता सातापर्यंत ओढणार आहे.